मुलांच्या खेळात लपलेली वाट

'आउटर वाइल्ड्स' (२०१९) या गेममध्ये शस्त्र नाही. तुमच्याकडे लाकडी अंतराळयान आहे आणि नोमाई या लुप्त झालेल्या जमातीची लिपी वाचणारं यंत्र. भिंतींवर वळणावळणाच्या ओळी कोरलेल्या असतात. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं त्यालाच फाटा फोडून उत्तर द्यायचं. दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. टिकून राहते ती फक्त यानातली नोंदवही आणि तुम्हाला कळलेली गोष्ट.

डार्क ब्रॅम्बल नावाच्या धुक्याच्या जंगलात महाकाय मासे यानासकट गिळतात. तिथे कितीही सफाईनं यान चालवा, उपयोग होत नाही. उपाय एंबर ट्विन या दुसऱ्याच ग्रहावर आहे. शेजारच्या ग्रहावरून ओघळणारी वाळू तिथल्या गुहा हळूहळू भरत जाते, म्हणून लवकर पोचावं लागतं. एका गुहेत त्याच माशाचा सांगाडा आहे आणि नोमाई मुलांनी लिहिलेलं एक संभाषण. एकानं डोळे झाकून मासा व्हायचं, बाकीच्यांनी आवाज न करता त्याच्याजवळून निसटायचं, असा त्यांचा खेळ. म्हणजे मासा आंधळा आहे, तो ऐकतो!

पुढच्या खेपेला धुक्यात शिरताना इंजिन बंद ठेवायचं आणि मिळालेल्या वेगावर नुसतं तरंगत जायचं. हे उत्तर कुणाकडून आधीच ऐकू नका. कळलेलं विसरता येत नाही, त्यामुळे हा गेम पहिल्यासारखा पुन्हा खेळता येत नाही. निदान हा एक मासा मी तुमच्यासाठी सोडवून टाकला. बाकीची कोडी मात्र स्वतः वाचून सोडवा.