गरम पाण्याच्या लाईनला हलायला जागा हवी

एक सात मजली इमारत डोळ्यांसमोर आणू. गच्चीच्या एका टोकाला सोलरच्या टाक्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला पाईप खाली उतरण्याचा डक्ट. या दोन टोकांमध्ये कठड्याच्या कडेने 24 मीटर लांबीची सरळ लाईन गेली आहे, एक इंची सीपीव्हीसी पाईपची. पुण्या-नाशिकच्या हजारो सोसायट्यांच्या गच्चीवर थोड्याफार फरकाने हेच दिसते.

हा पाईप बसवला त्या दिवशी तो 25 अंश सेल्सियसला होता असे धरू. सोलरचे पाणी सुरू झाले की तो 65 अंशांपर्यंत तापतो, म्हणजे फरक 40 अंशांचा. सीपीव्हीसीचा एक मीटर तुकडा एका अंशाला साधारण 0.06 मिलिमीटर वाढतो. 24 मीटर आणि 40 अंशांचा हिशोब केला तर ही वाढ 58 मिलिमीटर होते. जवळजवळ सहा सेंटीमीटर! सकाळच्या आंघोळी सुरू झाल्या की लाईन तेवढी लांब होते आणि रात्री गार पडली की पुन्हा आखडते, वर्षाचे बाराही महिने. हीच लाईन जीआयची असती तर वाढ साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास राहिली असती.

यावरून लोखंडी पाईप बरा असे वाटेल, पण तसे नाही. लाईनची दोन्ही टोके पक्की आवळून तिला वाढूच दिले नाही, तर ती किती जोराने ढकलेल? एक इंची जीआय पाईप 40 अंशांनी तापला की जवळपास तीन टन वजनाइतक्या जोराने रेटतो. भिंतीत ठोकलेला क्लॅम्प त्यापुढे टिकणे अवघड. सीपीव्हीसी मात्र फार लवचिक, त्यामुळे त्याचा रेटा शंभर-सव्वाशे किलोवर थांबतो. जीआय थोडा वाढतो पण जबर ढकलतो. सीपीव्हीसी भरपूर वाढतो आणि स्वतःच वाकून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट सहज पटत नाही, पण ती नीट समजून घ्यायला हवी. अडवलेल्या पाईपचा रेटा त्याच्या लांबीवर अवलंबून नसतो. दोन मीटरचा तुकडा अडवा नाहीतर वीस मीटरची लाईन अडवा, प्रत्येक मीटर सारखाच दाबला जातो. लांबी वाढली की वाढते ती हालचाल. बाथरूमच्या भिंतीत गिलाव्याखाली गाडलेला दीड-दोन मीटरचा पाईप जागच्या जागी ताण सोसतो आणि वर्षानुवर्षे काही तक्रार करत नाही. लांब लाईनमध्ये सगळ्या मीटरांची वाढ एकत्र होऊन टोकाला किंवा वळणावर येऊन पडते. तिथे एल्बो असतो, टी असते, सोल्युशनने चिकटवलेला जोड असतो. पाईप सहसा मध्येच फुटत नाही. तो या जोडापाशी दगा देतो.

म्हणून लांब लाईनमध्ये मुद्दाम एक लूप घालतात. सरळ चाललेला पाईप काटकोनात बाहेर वळवायचा, थोडा आडवा न्यायचा, परत आणायचा आणि पुन्हा मूळ रेषेत चालवायचा. चार एल्बो लागतात. आपल्या 24 मीटरच्या लाईनला लूपसाठी एकूण साधारण एक मीटर पाईप पुरतो: 40 सेंटीमीटर बाहेर, 20 आडवा, 40 परत. लाईनची दोन्ही टोके पक्की धरून लूप बरोबर मध्यावर घातला, की दोन्ही बाजूंनी 29-29 मिलिमीटर वाढ आत सरकते. लूपचे दोन पाय एकमेकांकडे झुकतात आणि 20 सेंटीमीटरचे तोंड 14 वर येते. लाईन गार झाली की ते पुन्हा उघडते.

पाय 40 सेंटीमीटरचेच का, 15 चे का नाहीत? लांब काठी बोटाने वाकते, तिचाच वीतभर तुकडा वाकवायला दोन्ही हात लागतात. पाय आखूड केला की तेवढीच हालचाल त्याच्या मुळाशी, म्हणजे एल्बोच्या जोडात, कितीतरी जास्त ताण आणते. हालचाल चौपट झाली तर पाय दुप्पट लांब करावा लागतो. जागा नाही म्हणून वीतभर पायांचा लूप घातला, तर तो दिसायला लूप असतो, कामाला नाही.

डक्टमध्ये अशा लूपला जागा मिळत नाही. तिथे ऑफसेट उपयोगी पडतो. लाईन एका रेषेतून सोडून शेजारच्या समांतर रेषेत न्यायची, की मधला आडवा तुकडाच वाकून वाढ सामावतो. त्याला लूपच्या पायापेक्षा जास्त लांबी द्यावी लागते, आणि त्यावर एकही क्लॅम्प मारायचा नाही.

गच्चीवरच्या लूपबाबत एक चूक वारंवार दिसते: तो उभा घातलेला असतो, कमानीसारखा. सोलरचे पाणी बहुतेक ठिकाणी उंचीच्या जोरावरच उतरते, आणि उभ्या लूपच्या माथ्यावर हवा साठते. मग वरच्या मजल्यावर गरम पाण्याची धार बारीक होते किंवा बंदच पडते, आणि दोष टाकीला दिला जातो. लूप आडवा, जमिनीला समांतर निजवावा.

आता क्लिपा. माझ्या मते निम्मे काम इथेच बिघडते, कारण प्रत्येक क्लॅम्प घट्ट आवळणे हे चांगल्या कामाचे लक्षण मानले जाते. गरम लाईनवर क्लिपा दोन प्रकारच्या लागतात. लाईनच्या टोकाशी, टाकीजवळ आणि डक्टच्या तोंडाशी, पाईप खरोखर पक्का धरायचा असतो. वाढ कोणत्या दिशेला जाणार हे त्यावरूनच ठरते. मधल्या सगळ्या क्लिपांनी पाईपचे वजन पेलायचे, त्याला वर-खाली आणि आजूबाजूला जाऊ द्यायचे नाही, पण लांबीच्या दिशेने मोकळे सरकू द्यायचे. एक इंची सीपीव्हीसीला अशा क्लिपा साधारण 90 सेंटीमीटरवर लागतात, आणि त्यांची कड धारदार नसावी. लूप मात्र मोकळा ठेवायचा. त्याखाली आधाराला विटेचा तुकडा चालेल, क्लॅम्प चालणार नाही. लूप नीट घातला आणि नंतर गवंड्याने त्याच्याभोवती सिमेंट थापले, तर सगळी मेहनत वाया जाते. पाईप भिंतीतून जातो तिथेही त्याच्याभोवती थोड्या मोठ्या पाईपची बाही घालावी, मसाला थेट लावू नये.

पाईप कोणत्या वेळी बसवला हेही महत्त्वाचे आहे. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी उन्हात तापलेला पाईप जोडला, तर जानेवारीच्या पहाटे पाणी वापरात नसताना तो आखडून जोड ओढतो. तिथे हिशोब वाढीचा नाही, आकसण्याचा करावा लागतो.

चालू लाईन नीट आहे का हे ओळखता येते. दोन क्लिपांमधला पाईप नागमोडी झाला असेल, क्लिपांचे स्क्रू भिंतीतून सुटत असतील, गरम नळ सोडल्यावर भिंतीतून कटकट आवाज येत असेल, तर पाईप सरकू पाहतो आहे आणि कुठेतरी अडतो आहे. पहाटे लाईन गार असताना मधल्या दोन-तीन क्लिपांच्या कडेला पाईपवर पेन्सिलने रेघ मारावी आणि गरम पाणी अर्धा तास वाहिल्यावर पुन्हा पाहावे. टोकाजवळची रेघ जेमतेम हललेली असेल, लूपजवळची दोन-अडीच सेंटीमीटर. सगळ्या रेघा जागच्या जागी असतील आणि पाईप मात्र वाकलेला असेल, तर मधल्या क्लिपा सैल करण्यापासून सुरुवात करावी. लूप नसेल तर मग लाईन मध्यावर कापून तो घालावा.