यंत्र घ्या पट्टी पाहून

औषधाच्या दुकानात ग्लुकोमीटर बऱ्याचदा अगदी स्वस्तात मिळतो, कधी थोड्या पट्ट्यांसोबत जवळपास फुकटही. कंपनीची खरी कमाई पट्ट्यांवर असते आणि एका मॉडेलची पट्टी सहसा दुसऱ्यात चालत नाही. म्हणून आधी पट्टीचा हिशेब करावा.

समजा, ७२ वर्षांच्या एका आजींना डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा साखर तपासायला सांगितली आहे. दुकानात ५० पट्ट्यांची डबी ९०० रुपयांना आणि २५ची ५५० रुपयांना आहे. (दर हिशेबापुरते.) मोठ्या डबीत पट्टी १८ रुपयांना पडते, लहान डबीत २२ला. मोठी डबी स्वस्त वाटते. पण पट्टीवरचे रसायन दमट हवेने मंदावते, म्हणून काही कंपन्या उघडलेली डबी तीन महिन्यांत संपवायला सांगतात. तेवढ्यात आजींच्या तपासण्या होतील २६. उरलेल्या २४ पट्ट्या वाया, म्हणजे वापरलेली प्रत्येक पट्टी पडली जवळपास ३५ रुपयांना! त्यांच्यासाठी लहान डबीच बरी. रोज तपासणाऱ्याची ५० पट्ट्यांची डबी पन्नास दिवसांत संपते, त्याला मोठी परवडते. तेव्हा दुकानदाराला दरासोबत हेही विचारावे, की डबी उघडल्यावर पट्ट्या किती दिवस चालतात आणि त्या या भागात नेहमी मिळतात का.

आता अचूकतेचे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘आयएसओ १५१९७:२०१३’ हे मानक पाहावे. त्याची मुख्य अट अशी, की प्रयोगशाळेतील मोजणीशी ताडून पाहता १००पैकी किमान ९५ नोंदी ठरलेल्या मर्यादेत असाव्यात. साखर १००च्या खाली असेल तर फरक १५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे साखर खरोखर २०० असताना यंत्राने १७० दाखवले किंवा २३०, तरी ते मानकात बसते. लागोपाठ दोनदा तपासून १८२ आणि २०५ आले, तर यंत्र बिघडले असे लगेच समजू नये. मात्र घाम, थरथर, घाबरल्यासारखे होत असेल आणि आकडा ठीक दिसत असेल, तर आकड्यावर विसंबून न राहता डॉक्टरांनी साखर कमी झाल्यावर करायला सांगितलेले उपाय करावेत.

दोन गोष्टी यंत्र चांगले असूनही आकडा बिघडवतात. बोटाला आंब्याचा किंवा केळ्याचा अंश लागलेला असेल, तर तीच साखर थेंबात मिसळते. म्हणून हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. दुसरी गोष्ट पंडुरोगाची. रक्तातील लाल पेशी कमी असतील तर बरीच यंत्रे साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. अशा रुग्णाने यंत्र कितपत हिमॅटोक्रिटपर्यंत चालते, ते पत्रकात पाहून डॉक्टरांशी बोलावे. प्रयोगशाळेच्या अहवालाशी ताडून पाहायचे असेल, तर रक्त देतानाच, उपाशीपोटी पाहावे. जेवणानंतर बोटातील रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे तुलना फसते.

नजर अधू असेल तर आकडा मोठा असून भागत नाही, तो ठळकही हवा. फिक्या पडद्यावरचे करडे आकडे मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला दिसत नाहीत आणि ६, ८, ० यांत गल्लत होते. पडद्यामागे दिवा असेल तर उत्तम. पण खरी अडचण त्याआधीच येते: पट्टी खाचेत घालणे आणि थेंब तिच्या टोकाला नेमका लावणे. रक्त कमी पडले की यंत्र चूक दाखवते आणि ती पट्टी बहुधा वाया जाते. म्हणून खाच सहज हाताला लागणारी, पट्टी रुंद आणि रक्त स्वतः ओढून घेणारी असावी. डबीप्रमाणे कोड घालावा लागणारी यंत्रे टाळावीत, कारण चुकीच्या कोडने आकडाही चुकतो. बोलून आकडा सांगणारी यंत्रेही मिळतात. आवाज स्पष्ट आहे का आणि भाषा कळते का, ते ऐकून ठरवावे. ब्रिटनमधून कोणी यंत्र आणले, तर तिथले एकक वेगळे असते: पडद्यावर ७.८ दिसले, की ते आपले १४०.

शेकडो नोंदी साठवणारी स्मृती तारीख-वेळ बरोबर लावली असेल तरच कामाची. सेल बदलल्यावर ती पुन्हा तपासावी. निव्वळ सरासरीवर विश्वास ठेवू नये: ७० आणि २३० यांची सरासरी १५०च येते, पण त्यातला एक आकडा कमी साखरेच्या उंबरठ्यावरचा आहे. नोंदीला ‘जेवणाआधी’, ‘जेवणानंतर’ अशी खूण करता आली तर डॉक्टरांना गोळी किंवा जेवण नेमके कुठे बदलावे ते कळते.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच, रोजचा चष्मा लावून, आजींनी स्वतः पट्टी घालून पाहावी आणि मागची नोंद शोधून वाचावी. मुलाला किंवा सुनेला ते यंत्र सोपे वाटले, एवढ्यावर खरेदी करू नये.