चारशे कॅमेरे, तीस दिवसांचे फुटेज

कॅमेऱ्यांच्या साठवणीचा सगळा हिशेब एका आकड्यावर उभा असतो. एक कॅमेरा दर सेकंदाला किती बिट पाठवतो, हा तो आकडा. त्याला बिटरेट म्हणतात आणि तो मेगाबिटमध्ये मोजतात. डिस्कची क्षमता मात्र बाइटमध्ये असते आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. दिवसाचे 86,400 सेकंद धरले, तर दर सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चोवीस तासांत 10.8 गिगाबाइट भरतात. एवढे एक गणित पाठ असले, की पुढचा बराचसा हिशेब कागदावर होतो.

अवघड भाग आहे तो बिटरेट ठरवण्याचा, कारण तो दिवसभर एकसारखा नसतो. H.265 सारखी पद्धत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले, मुख्यतः तेवढेच नोंदवते. रात्री कोणी नसलेल्या रिकाम्या कॉरिडॉरला म्हणूनच फार कमी जागा लागते. पण वाहनतळाजवळच्या झाडाकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्याचे उलट होते. अंधार पडला की चित्रात बारीक दाणे उमटतात आणि ते प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतात. यंत्राच्या दृष्टीने हा सगळा बदलच. त्यात वाऱ्याने हलणारी पाने आणि पाऊस. दिवसा 2 मेगाबिटवर चालणारा असा कॅमेरा रात्रीचे दहा तास 6 मेगाबिटवर गेला, तर त्याची चोवीस तासांची सरासरी सुमारे 3.7 होते. दुपारी बारा वाजता पाहणी करून ठरवलेला आकडा इथेच निम्म्याने चुकतो.

समजा, एका विद्यापीठाच्या आवारात 400 कॅमेरे आहेत. प्रत्येक प्रकारचे दोन-तीन कॅमेरे आठवडाभर चालवून सरासरी काढली: आतले 250 कॅमेरे प्रत्येकी 2 मेगाबिट, मोकळ्या जागेतले 120 प्रत्येकी 4 आणि गाड्यांचे नंबर टिपणारे फाटकांवरचे 30 प्रत्येकी 6. बेरीज 1,160 मेगाबिट. म्हणजे दिवसाला सुमारे 12.5 टेराबाइट आणि तीस दिवसांना 376. पावसाळा आणि पुढे वाढणारे कॅमेरे यांसाठी वीस टक्के जास्त धरले, तर 451 टेराबाइट.

एवढ्या क्षमतेच्या डिस्क आणून भागत नाही. एखादी डिस्क बिघडली तरी फुटेज जाऊ नये म्हणून RAID 6 रचनेत प्रत्येक गटातल्या दोन डिस्कइतकी जागा राखून ठेवावी लागते. 16 टेराबाइटच्या बारा डिस्कच्या गटात दहाच डिस्कची जागा हाती येते, म्हणजे 160 टेराबाइट. असे तीन गट, छत्तीस डिस्क, मिळून 480. संगणकाच्या पडद्यावर हीच जागा सुमारे 437 दिसू शकते. त्यात काही हरवलेले नसते. कारखाना एक टेराबाइट म्हणजे दहाचा बारावा घात धरतो, तर संगणक बऱ्याचदा दोनचा चाळिसावा घात.

जाळ्याचा हिशेब मात्र सरासरीवर करून चालत नाही. डिस्क महिनाभरात भरते, तार त्याच क्षणी भरते. आतले कॅमेरे तेवढेच राहिले, पण रात्री बाहेरचे कॅमेरे 6 आणि फाटकांवरचे 8 मेगाबिटवर गेले, तर एकूण 1,460 मेगाबिट होतात. एका इमारतीतले बाहेरचे चोवीस कॅमेरे 144 मेगाबिटच पाठवतात, म्हणून तिथल्या स्विचला एक गिगाबिटची जोडणी पुष्कळ झाली. पण सगळ्या इमारतींचा प्रवाह जिथे एकत्र येतो, त्या रेकॉर्डरच्या जोडणीला एक गिगाबिट पुरणार नाही. तिथे दहा गिगाबिटची जोडणी द्यावी किंवा रेकॉर्डर दोन-तीन ठिकाणी वाटावेत.

पहारेकऱ्यांच्या खोलीतल्या पडद्यांचा प्रवाह यात वेगळा मिळवावा लागतो. तिथे 64 चौकटींत 4 मेगाबिटचे पूर्ण चित्र मागवले, तर आणखी 256 मेगाबिट होतात. छोट्या चौकटीसाठी अर्ध्या मेगाबिटचा दुय्यम प्रवाह मागवला, तर 32 मध्ये भागते आणि त्या आकारात डोळ्याला फरक कळत नाही.

खर्च वाचवण्यासाठी बिटरेटवर फार खालची कमाल मर्यादा घालणे हा सर्वांत वाईट उपाय. चित्र शांत असताना ते छान दिसते. कोणी पळाले की मर्यादा आड येते आणि नेमका चेहरा चौकोनी ठिपक्यांत विरघळतो. तार तुंबल्यावरही चित्र बिघडते, पण वेगळ्या रीतीने: चित्राचा खालचा भाग राखाडी किंवा हिरवा होतो, माणूस चालता चालता उडी मारल्यासारखा पुढे दिसतो आणि एकाच स्विचवरचे अनेक कॅमेरे एकदम तसे वागतात.

साठवण कमी पडते आहे हे सहसा कोणी सांगत नाही, कारण डिस्क भरली की रेकॉर्डर मुकाट्याने सर्वांत जुने फुटेज पुसत जातो. म्हणून दर आठवड्याला सर्वांत जुन्या फुटेजची तारीख पाहावी. वरच्या 480 टेराबाइटमध्ये अडतीस दिवस मावायला हवेत. दोन महिन्यांनी तिथे चोवीसच दिवस सापडले, तर रोज 12.5 ऐवजी 20 टेराबाइट भरत आहेत. अशा वेळी प्रत्येक कॅमेऱ्याचे कालचे फुटेज किती आकाराचे आहे ते लावून पाहावे. बऱ्याचदा यादीच्या वरच्या टोकाला दुरुस्तीनंतर बदलून बसवलेले आणि कारखान्याच्या मूळ सेटिंगवर राहिलेले कॅमेरे सापडतात.