उभं राहिल्यावरचे तीस सेकंद

दुपारची झोप झाल्यावर माणूस ताडकन उठतो, दोन पावलं टाकतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. भिंतीला हात टेकवून तो थांबतो. पाच-दहा सेकंदांत सगळं पूर्ववत होतं आणि ‘बीपी लो झालं असेल’ असं म्हणून तो कामाला लागतो. त्याचं म्हणणं खरंच असतं. मात्र उठून उभं राहताना रक्तदाब जवळजवळ प्रत्येकाचाच उतरतो. तो किती लवकर सावरतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आडवं पडलेलं असताना हृदय, मेंदू आणि पाय साधारण एकाच पातळीवर असतात. उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटातल्या आणि पायांतल्या शिरांमध्ये उतरतं. या शिरांच्या भिंती पातळ आणि सैल असतात, त्यामुळे त्या सहज फुगतात आणि तेवढं रक्त तिथेच साचतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं की प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी होतं आणि दाब घसरतो. झटकन उठल्यावर ही घसरण साधारण दहाव्या सेकंदाला सर्वांत जास्त असते. त्यातून मेंदू हृदयाच्या वर पाऊण-एक फूट उंचीवर. दर तेरा सेंटिमीटर उंचीला दाब सुमारे दहा मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे दंडावर १२० भरणारा दाब उभ्या माणसाच्या मेंदूपाशी शंभराच्या आसपासच असतो. तिथे आणखी घट परवडणारी नसते.

ही घसरण सर्वांत आधी कळते ती मानेत. जबड्याच्या कोपऱ्याखाली, कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर, मेंदूकडे निघालेली कॅरोटिड धमनी दुभंगते. तिथे तिची भिंत किंचित फुगीर असते. या फुगीर भागात आणि हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीत बारीक मज्जातंतूंची टोकं गुंतलेली असतात. हेच बॅरोरिसेप्टर. ते दाब थेट मोजत नाहीत. रक्ताच्या प्रत्येक उसळीबरोबर धमनीची भिंत किती ताणली जाते, एवढंच त्यांना समजतं. हा ताण ओळखणारी प्रथिनं कोणती, याचं उत्तर २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळालं. पिएझो-१ आणि पिएझो-२ ही दोन प्रथिनं या मज्जातंतूंतून काढून टाकली, तेव्हा उंदरांमधली ही प्रतिक्षिप्त क्रियाच बंद पडली. पिएझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हे तंतू दाब नेहमीसारखा असतानाही सतत संदेश पाठवत असतात. दाब उतरला, भिंत सैलावली, की संदेश विरळ होतात, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलाला त्या शांततेतूनच धोका कळतो. मग दोन गोष्टी घडतात, पण एकाच वेगाने नाही.

पहिली गोष्ट म्हणजे व्हेगस या मज्जातंतूने हृदयावर ठेवलेला लगाम सुटतो. त्याचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो आणि नाडी जलद होते. दुसरी म्हणजे सिंपथेटिक मज्जातंतूंना जोर येतो. त्यांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन झिरपतं आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पोटातल्या शिराही आवळतात आणि साठलेलं रक्त हृदयाकडे ढकलतात. या कामाला काही सेकंद लागतात. म्हणून छातीत धडधड आधी जाणवते आणि अंधारी मागाहून ओसरते. निरोगी माणसात वीस-तीस सेकंदांत दाब जागेवर येतो. त्यानंतर उभं असेपर्यंत नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वाढलेली राहते.

ही घसरण सावरली नाही, तर? उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला आणि उतरलेलाच राहिला, तर डॉक्टर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. ते कशामुळे झालं, याचा माग नाडीवरून लागतो.

समजा, सत्तरीतले दोन गृहस्थ आहेत. दोघांचाही झोपून मोजलेला दाब १४०, नाडी ७२. उभं केल्यावर दोघांचाही दाब ११० वर येतो, म्हणजे ३० ची घट. पहिल्याची नाडी ९६ होते. म्हणजे त्याचे बॅरोरिसेप्टर, मेड्युला आणि मज्जातंतू आपलं काम चोख करत आहेत, पण वाहिन्यांत पुरेसं रक्तच नाही. दोन दिवसांचे जुलाब, उन्हातला घाम किंवा लघवी वाढवणारी गोळी, असं काहीतरी कारण सापडण्याची शक्यता मोठी. दुसऱ्याची नाडी मात्र ७६ वरच थांबते. दाब ३० ने उतरूनही हृदय जेमतेम चार ठोके वाढवतं, म्हणजे बिघाड मज्जातंतूंत असण्याची शक्यता आहे. अनेक वर्षांचा मधुमेह किंवा पार्किन्सन्स अशा बिघाडामागे असू शकतो. दाबातल्या दर मिलिमीटर घटीमागे नाडी अर्ध्या ठोक्यापेक्षाही कमी वाढली, तर मज्जातंतूंकडे पाहायचं, असा हिशेब तज्ज्ञ लावतात. पहिल्याचं प्रमाण ०.८ येतं, तर दुसऱ्याचं ०.१३. अर्थात बीटा-ब्लॉकर किंवा पेसमेकर असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, कारण तिथे नाडी वेगळ्याच कारणाने अडलेली असते. प्रोस्टेटसाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या तर नॉरॲड्रेनॅलिनलाच रक्तवाहिन्यांपाशी अडवतात. रात्री लघवीला उठलेले वयस्कर गृहस्थ न्हाणीघराच्या दाराशी पडतात, त्यामागे कधी कधी हेच असतं.

या यंत्रणेची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. १९७३ साली अमेरिकेत आर्थर गायटन यांच्या गटाने कुत्र्यांमधले बॅरोरिसेप्टरचे मज्जातंतू तोडून दिवसभर दाब नोंदवला. सरासरी दाब फारसा बदलला नाही, पण त्यातले चढउतार कितीतरी मोठे झाले. म्हणजे क्षणाक्षणाचे धक्के झेलणं हे बॅरोरिसेप्टरचं काम. दाब वर्षानुवर्षं कोणत्या पातळीवर राहणार, हे ठरवण्यात मोठा वाटा मूत्रपिंडांचा असतो. दाब कायमचा वाढला तर बॅरोरिसेप्टर त्या वाढलेल्या पातळीलाच नेहमीची मानू लागतात. उच्च रक्तदाब ते स्वतःहून खाली आणत नाहीत, तो याचमुळे.

अंधारी येते त्यांना काही साध्या गोष्टींनी आराम पडतो. पलंगावरून उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसावं. उभं राहिल्यावर पायांची अढी घालून मांड्या आणि पोट आवळून धरले, तर शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. अंधारी वाढत असेल तर लगेच खाली बसावं, चालत राहू नये.

दवाखान्यात दाब बहुतेक वेळा खुर्चीत बसवूनच मोजला जातो आणि ही घसरण त्यात निसटते. वय साठीपुढे असेल, मधुमेह असेल, बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील, किंवा एकदा जरी उठताना तोल गेला असेल, तर पाच मिनिटं झोपून आणि मग उभं राहून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला दाब आणि नाडी मोजण्याचा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरावा. घरी यंत्र असेल तर सोबतीला कुणीतरी घेऊन ही नोंद घरीही करता येते. आकडे डॉक्टरांना दाखवावेत, पण गोळी स्वतःहून बंद करू नये.