तीस तारखेची रात्र आणि गेटवरचे रजिस्टर

भोसरीच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना डोळ्यांपुढे आणू. हिशेबाच्या खोलीत तीनच माणसे. एक मुख्य अकाउंटंट, एक खरेदीची बिले आणि पगार बघणारी, एक बँक आणि जीएसटी सांभाळणारा. सप्टेंबर संपतो, 1 तारखेला सकाळी मालक नफा विचारतात. संगणकावर सप्टेंबरची विक्री 42 लाख आणि नफा 12 लाख 40 हजार दिसतो. आकडा छान आहे, पण अनुभवी अकाउंटंट तो लगेच सांगत नाही. या धंद्यात शंभर रुपयांच्या विक्रीमागे साधारण सहा-सात रुपये उरतात आणि इथे जवळजवळ तीस उरलेले दिसतात. धंदा एका महिन्यात इतका बदलत नाही. वहीत काहीतरी यायचे राहिले आहे, किंवा जे यायला नको ते आले आहे.

महिनाअखेरीचे क्लोजिंग म्हणजे हे शोधण्याचे काम. पैसे कधी दिले-घेतले याला इथे महत्त्व नाही, खर्च आणि उत्पन्न कोणत्या महिन्याचे हे महत्त्वाचे. कंपनी असेल तर 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 128 नुसार वह्या याच पद्धतीने ठेवाव्या लागतात. शाळेच्या पुस्तकात याला अदत्त खर्च आणि पूर्वदत्त खर्च म्हणतात, कार्यालयात सगळे प्रोव्हिजन आणि प्रीपेड म्हणतात.

आधी प्रोव्हिजन. वापरून झाले, बिल आले नाही, अशा खर्चांची ही नोंद. आता अडचण अशी की जे कागद आलेले नाहीत ते फाइलमध्ये शोधून सापडणार कसे? त्यासाठी चेकलिस्ट उलट्या बाजूने बनवावी लागते. मागच्या तीन महिन्यांची खर्चखाती शेजारी-शेजारी छापायची आणि जिथे दर महिन्याला आकडा असतो पण या महिन्यात रकाना रिकामा आहे, तिथे बोट ठेवायचे. आपल्या कारखान्यात दोन रकाने रिकामे निघतात: वीज आणि कंत्राटी कामगार.

विजेचे बिल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येईल. तोवर थांबायची गरज नाही. 30 तारखेला संध्याकाळी मीटरचे रीडिंग घेतले, मागच्या बिलातले वजा केले, तर 18,400 युनिट निघाले. मागच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट केले की सगळे आकार धरून युनिटमागे साधारण 10 रुपये पडतात. प्रोव्हिजन 1,84,000. कंत्राटदाराचे बिलही 5 तारखेनंतर येते, पण हजेरीपट आपल्याकडेच आहे. 312 हजेऱ्या, ठरलेला दर सेवाशुल्कासह 750 रुपये, म्हणजे 2,34,000. हा अंदाज हवेतला नाही. रीडिंगचा फोटो आणि हजेरीपटाची प्रत नोंदीला जोडलेली असली पाहिजे, कारण सहा महिन्यांनी ऑडिटर विचारतो तेव्हा आठवणीवर कुणीच विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

या रकमांत जीएसटी धरायचा नाही. कंत्राटदाराच्या बिलावरचा कर आपल्याला परत मिळणार असेल तर तो खर्चच नव्हे, आणि बिल हातात आल्याशिवाय त्याचे क्रेडिटही घेता येत नाही. मार्चमध्ये मात्र आणखी एक काळजी लागते. कंत्राटदाराच्या नावची रक्कम सस्पेन्स किंवा प्रोव्हिजन अशा कोणत्याही खात्यात जमा केली, तरी आयकर कायदा ती त्याच्या खात्यात जमा झाली असेच मानतो, आणि टीडीएसचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

तिसरा खर्च असा आहे की तो रिकाम्या रकान्यातून सापडतच नाही, कारण तो वर्षातून एकदाच येतो. दिवाळीचा बोनस. कायद्याने किमान बोनस 8.33 टक्के, म्हणजे बारा महिन्यांच्या पगारामागे एक महिन्याचा. कामगार तो दर महिन्याच्या कामातून कमावत असतो, आपण फक्त दिवाळीला देतो. सगळा खर्च दिवाळीच्या महिन्यात टाकणाऱ्या कारखान्यात तो महिना दरवर्षी तोट्याचा दिसतो आणि बाकीचे अकरा उगाच सुखाचे. बोनसला पात्र पगार महिन्याला 3 लाख 60 हजार असेल, तर सुमारे 30 हजार रुपये दर महिन्याला बाजूला नोंदवायचे.

प्रीपेडचे काम याच्या उलट, आणि खरे तर सोपे. कारखान्याची आगीची विमा पॉलिसी 1 जुलैला घेतली, हप्ता 1,20,000 आणि वर 21,600 जीएसटी. जीएसटीचे क्रेडिट घेतले, म्हणून तो बाजूला. उरलेले 1,20,000 बारा महिन्यांचे आहेत. जुलैपासून दर महिन्याला 10,000 खर्चात जातील आणि 30 सप्टेंबरला प्रीपेड खात्यात 90,000 उरले पाहिजेत. यासाठी एक साधा तक्ता पुरतो: पॉलिसी, सुरू-बंद तारखा, रक्कम, महिन्याचा वाटा, शिल्लक. तक्त्याच्या शिल्लकेची बेरीज आणि खात्याची शिल्लक जुळली की काम झाले. पॉलिसी महिन्याच्या मधेच सुरू होत असेल तर दिवसांवर वाटणी करावी.

गडबड होते ती या खात्यात काय टाकायचे नाही हे न कळल्याने. गाळ्याची अनामत रक्कम परत मिळणार आहे, ती ठेव. महिन्यागणिक खर्चात जात नाही. कच्च्या मालासाठी पुरवठादाराला दिलेली उचल हीही प्रीपेड नव्हे, तिच्यापोटी माल येणार आहे. या दोन रकमा प्रीपेडमध्ये पडल्या की तक्ता कधीच जुळत नाही. आणि दोन-तीन हजारांच्या वार्षिक वर्गण्यांसाठी बारा नोंदी करत बसण्यात अर्थ नाही. पाच हजारांखालची रक्कम थेट खर्चात, असा नियम लिहून ठेवावा आणि दर महिन्याला तोच पाळावा.

इथपर्यंत चार नोंदी मिळून 4,58,000 रुपयांनी नफा घटला. तरी 7,82,000 उरतात, अजूनही जास्तच. उरलेले उत्तर हिशेबाच्या खोलीत नाही, गेटवर आहे.

कटऑफ म्हणजे महिन्याची सीमा. 30 तारखेच्या रात्री बारापर्यंत मालकी बदललेला माल सप्टेंबरचा, नंतरचा ऑक्टोबरचा. हे तपासायला सॉफ्टवेअरमधला कोणताही अहवाल पुरत नाही, कारण सॉफ्टवेअरला बिलाची तारीख कळते, ट्रक कधी हलला ते कळत नाही. ते वॉचमनच्या आवक-जावक रजिस्टरमध्ये असते. म्हणून 30 तारखेची शेवटची पाच विक्रीबिले आणि 1 तारखेची पहिली पाच घ्यायची, प्रत्येकाचा ट्रक नंबर आणि बाहेर पडल्याची वेळ रजिस्टरशी ताडून बघायची. आवक मालाचेही तसेच. छोट्या टीमने महिन्यात एकच तपासणी करायची ठरवली, तर ती हीच असावी.

आपल्या कारखान्यात 30 तारखेचे शेवटचे बिल, करापूर्वी 3 लाखांचे, रात्री साडेआठला बनले होते. महिन्याचे टार्गेट गाठायचे होते. ट्रक मात्र 1 तारखेला सकाळी दहाला बाहेर पडला. आणि खरी मेख पुढे आहे. 30 च्या संध्याकाळी गोदामातला माल मोजला तेव्हा हीच खोकी तिथे होती आणि ती शिल्लक मालातही मोजली गेली. एकच माल विक्रीतही आणि साठ्यातही. खोकी साठ्यातून वगळली असती तर चूक फक्त त्यांच्यावरच्या नफ्याइतकी, लाखाच्या आत राहिली असती. दोन्हीकडे धरल्याने नफा पूर्ण 3 लाखांनी फुगला. ग्राहकाच्या दारात पोहोचवून देण्याचा करार असेल, तर सीमा आणखी पुढे सरकते: ट्रक 30 ला निघाला तरी माल 2 तारखेला पोहोचला, तर विक्री ऑक्टोबरची.

आवकेच्या बाजूला उलटे घडले होते. 29 तारखेला अडीच लाखांचे प्लास्टिकचे दाणे आले, रजिस्टरमध्ये चढले, गोदामात मोजले गेले. पुरवठादाराचे बिल मात्र अजून वाटेत, म्हणून खरेदीत नोंद नाही. वहीच्या दृष्टीने हा माल फुकट आला. माल मिळाल्याच्या पावत्या आणि खरेदीची बिले समोरासमोर लावली की असा बिलाविना आलेला माल उघडा पडतो. त्याची रक्कम खरेदी ऑर्डरच्या दराने प्रोव्हिजनमध्ये धरायची.

दोन्ही मिळून 5,50,000. आता सप्टेंबरची विक्री 39 लाख आणि नफा 2,32,000 उरतो, म्हणजे शंभरामागे जेमतेम सहा रुपये. हा आकडा धंद्याला शोभतो. त्यातही अधिक महत्त्वाचे असे की बँकेला जाणारे महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट आता बरोबर झाले. कॅश क्रेडिटची मर्यादा साठा आणि येणे यांवर मोजली जाते. तीच खोकी साठ्यात आणि ग्राहकाच्या येण्यातही दाखवली असती, तर बँकेने एकाच मालावर दोनदा कर्ज दिले असते. हेतू नसला तरी हे चुकीचे विवरणपत्र आहे, आणि बँकेचा तपासनीस गेट रजिस्टर मागू शकतो.

मोठ्या घरांतही हीच भिंत कोसळते. 22 सप्टेंबर 2014 रोजी ब्रिटनच्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने जाहीर केले की सहामाहीचा अपेक्षित नफा सुमारे 25 कोटी पौंडांनी जास्त सांगितला गेला होता. कारणे दोन होती: पुरवठादारांकडून मिळणारे उत्पन्न वेळेआधी धरले आणि खर्चाच्या नोंदी लांबवल्या. भोसरीतल्या साडेआठच्या बिलाशी याचे नाते जवळचे आहे.

तीन माणसांची ही सगळी धावपळ पाच दिवसांत बसते. 28 तारखेला दोन्ही पुरवठादारांना आणि कंत्राटदाराला फोन करून बिल कधी येणार ते विचारायचे. 30 ला मीटर रीडिंग, साठ्याची मोजणी आणि गेट रजिस्टरच्या शेवटच्या पानाचा फोटो. 1 आणि 2 तारखेला नोंदी, 3 ला तपासणी. नोंद करणाऱ्यानेच ती तपासू नये, तिघांत निदान एवढे तरी जमते. मग महिना कुलूपबंद करायचा, म्हणजे कुणी मागच्या तारखेने बिल घुसवू शकणार नाही.

शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी विसरली जाते. 1 ऑक्टोबरला सप्टेंबरच्या प्रोव्हिजनची उलट नोंद करायची. ती झाली नाही, तर बिल आल्यावर तोच खर्च दुसऱ्यांदा पडतो. ओळखायची खूण सोपी आहे: बिले आल्यानंतर प्रोव्हिजनच्या खात्यात सप्टेंबरचा एक रुपयाही शिल्लक दिसता कामा नये. बोनस तेवढा अपवाद, तो दिवाळीपर्यंत साठतच जातो. तीन महिने तशीच पडलेली कोणतीही इतर रक्कम दिसली, की एकतर बिल हरवले आहे किंवा तो खर्च कधी झालाच नव्हता.

6 तारखेला विजेचे बिल आले, 1,91,000. उलट नोंद झालेली असल्याने ऑक्टोबरवर फक्त 7,000 चा बोजा पडला. युनिट रीडिंगशी जुळले, म्हणजे अंदाज दरात चुकला होता. बिलात इंधन समायोजन आकार वाढला होता. अकाउंटंटने चेकलिस्टमध्ये विजेच्या ओळीपुढचा 10 खोडला आणि पुढच्या महिन्यासाठी 10.38 लिहिले.