बिल वाढले की आपला वाटा किती वाढतो?

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थांचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले असे धरू. डिस्चार्जच्या दिवशी बिल आले २,४०,००० रुपयांचे. विमा कंपनीने त्यातून आधी १५,००० रुपये बाजूला काढले: हातमोजे, नोंदणी शुल्क, सोबतच्या माणसाचे जेवण. हे पैसे घरूनच जायचे. उरले २,२५,०००. को-पे असो की डिडक्टिबल, हिशोब या मंजूर रकमेपासून सुरू होतो.

पॉलिसीत २० टक्के को-पे असेल, तर ४५,००० तुम्ही भरायचे आणि १,८०,००० कंपनी देईल. त्याऐवजी ५०,००० रुपयांचे डिडक्टिबल असेल, तर पहिले ५०,००० तुमचे आणि उरलेले १,७५,००० कंपनीचे. या बिलावर फरक अवघा पाच हजारांचा, म्हणून अनेकांना दोन्ही एकच वाटतात.

आता बिल बदलून पाहा. डेंग्यूने चार दिवस ॲडमिट व्हावे लागले आणि मंजूर रक्कम ४०,००० ठरली, तर को-पेवाल्याच्या खिशातून ८,००० जातील. डिडक्टिबलवाल्याला मात्र एक रुपयाही मिळणार नाही, कारण बिल ५०,००० च्या आतच संपले. उलट बायपास झाली आणि मंजूर रक्कम ८,००,००० झाली, तर डिडक्टिबलवाला ५०,००० वरच थांबतो. को-पेवाल्याला १,६०,००० उभे करावे लागतात, तेही बहुधा डिस्चार्जच्या काउंटरवर उभे राहून. मला को-पेची धास्ती वाटते ती यासाठीच. आजार जितका मोठा, तितका तुमचा वाटाही मोठा होत जातो आणि तो किती असेल हे आधी कळत नाही.

डिडक्टिबलमध्येही एक खाच आहे. ते दर क्लेमला लागते की वर्षातून एकदाच? साध्या टॉप-अपमध्ये बहुधा दर क्लेमला लागते. म्हणजे एकाच वर्षात दोनदा ॲडमिट झालात तर ५०,००० दोनदा जातील. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातली बिले एकत्र धरतात. तुमची दुसरी पॉलिसी असेल, तर डिडक्टिबलपर्यंतचे पैसे तिच्यातून मिळू शकतात. म्हणूनच नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीच्या जोडीला असे टॉप-अप घेतले जाते.

आईवडिलांची पॉलिसी काढताना हप्ता कमी दिसला की 'को-पे किती?' हा प्रश्न आधी विचारा. कधी तो सगळ्याच क्लेमना असतो, तर कधी महागड्या शहरात उपचार घेतल्यावरच लागतो. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येते, त्यात हे लिहिलेले असते. वाचून पटले नाही, तर नवी पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.