आधी उजवीकडचं बोला

सॉफ्टवेअर कंपन्यांत रोज सकाळी पंधरा मिनिटांची बैठक होते. तिला ‘स्टँडअप’ म्हणतात. समोरच्या बोर्डवर प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि ते डावीकडून उजवीकडे सरकत जातं: टू डू, डेव्हलपमेंट, रिव्ह्यू, टेस्टिंग, डन. बैठकीत बहुतेक ठिकाणी एकेक जण काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, ते सांगतो. यात माणसांची हजेरी लागते, पण एखादं कार्ड अडकून पडलं असेल आणि ते आपलं आहे असं कुणालाच वाटत नसेल, तर त्याचा विषयही निघत नाही.

म्हणून कानबान पद्धतीने काम करणाऱ्या टीम माणसांऐवजी बोर्ड वाचतात, तोही उलटा. ‘डन’ला खेटून असलेल्या रकान्यापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक कार्डाबद्दल एकच विचारायचं: हे पुढे सरकायला काय हवं?

समजा, टेस्टिंगमध्ये बिल छापण्याचं एक कार्ड चार दिवस तसंच आहे. विचारल्यावर कळतं की टेस्टरला चाचणीसाठीचं लॉगिनच मिळालेलं नाही. ज्याच्या हातात ते आहे तो बाजूलाच उभा असतो. बैठक संपताच तो लॉगिन देतो. पुढचा रकाना रिव्ह्यूचा. तिथे एका वेळी दोनच कार्डं ठेवायची असं ठरलेलं, पण तीन साचलीत. इतक्यात एक डेव्हलपर म्हणतो, ‘‘माझं झालं, मी नवीन घेतो.’’ रिव्ह्यूची रांग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असल्याने त्याला लगेच सांगता येतं, ‘‘नवीन राहू दे, आधी यातलं एक तपासून टाक.’’ डावीकडून सुरुवात केली असती, तर रिव्ह्यूपर्यंत पोचण्याआधीच नवीन कार्ड त्याच्या नावावर लागलं असतं.

उजवीकडून सुरुवात करण्याचं कारण साधं आहे. नव्वद टक्के झालेल्या कामावर श्रम जवळजवळ सगळे खर्ची पडलेले असतात, पण ग्राहकाच्या हाती अजून काहीच पडलेलं नसतं. शिवाय पुढची जागा मोकळी झाल्याशिवाय मागचं कार्ड सरकणारच नाही.

मात्र बोर्ड खरा हवा. काम टेस्टिंगला गेलं आणि कार्ड डेव्हलपमेंटमध्येच राहिलं, तर सगळं वाचन फुकट. कार्ड त्या रकान्यात किती दिवस आहे, हे दाखवायला काही टीम रोज त्यावर एक ठिपका काढतात. ठिपके वाढले की गाडी कुठे अडली ते लगेच दिसतं. कार्डं फार असतील तर अडकलेली तेवढीच घ्यावीत. एखाद्या कार्डावर खल सुरू झाला, तर तो संबंधितांनी बैठकीनंतर करावा. एवढं करूनही वेळ संपलाच, तर चर्चेविना राहतात ती सुरूच न झालेली कामं. ती उद्यावर गेली तरी चालतात.